फोटोतली हस्तलिखित कविता टाइप करताना: शुद्धलेखन आणि ओळी

वहीतल्या कवितेचा फोटो पाहून टाइप करायला बसलं की बोटं आपोआप शुद्धलेखन सुधारत जातात. पहिली खबरदारी तिथेच घ्यायची. कीबोर्डची आपोआप दुरुस्ती बंद करा आणि पहिली फाइल कागदावर जसं आहे तशीच उतरवा: चुका, काटलेले शब्द, मोडलेल्या ओळी, सगळ्यासकट. न लागलेल्या शब्दाच्या जागी [?] टाका, अंदाज टाकू नका. वाचायची प्रत दुसऱ्या फाइलमध्ये करायची आणि सगळे निर्णय तिथे घ्यायचे. एकच फाइल ठेवली तर महिन्याभराने एखादा ऱ्हस्व कवीचा होता की आपला, हे कळायला मार्ग उरत नाही.

नमुन्यासाठी रचलेल्या या दोन ओळी अरुंद वहीत अशा दिसतात असं धरा:

नदीच्या तिरीं मीं उभा, मंद
वारा
तुझी वाट पाहे मनाचा
किनरा

आधी ओळी

कवीने मोडलेली ओळ आणि कागद संपल्यामुळे मोडलेली ओळ, या दोन वेगळ्या गोष्टी. ओळखायचं असं: ओळीनंतर उरलेल्या कोऱ्या जागेत खालचा पहिला शब्द मावला असता का ते पाहा. मावला असता आणि तरी कवी खाली आला, तर ओळ त्याने मुद्दाम मोडली. इथे ‘मंद’ आणि ‘मनाचा’ दोन्ही कडेला टेकलेत असं धरू, म्हणजे खालचे एकटे शब्द कागदाने ढकललेले असू शकतात. ते वर नेले आणि ‘किनरा’ हा ‘किनारा’ धरला, की ‘वारा–किनारा’ हे यमक ओळींच्या शेवटी येतं आणि दोन्ही ओळी भुजंगप्रयात वृत्तात बसतात: लघु-गुरु-गुरु चार वेळा, १२ अक्षरं, २० मात्रा. मग शंका राहत नाही.

मुक्तछंदात यमक आणि वृत्त दोन्ही नसतात, तिथे कोऱ्या जागेचीच साक्ष. तीही मिळाली नाही तर ओळ कागदावर आहे तशीच ठेवा आणि खाली तसं लिहा. ओळी टाइप करताना कडव्याच्या आत शिफ्ट दाबून एंटर आणि कडवं संपल्यावर नुसतं एंटर वापरलं, तर वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये ओळींमधलं आणि कडव्यांमधलं अंतर वेगवेगळं ठेवता येतं.

मग शब्द

प्रत्येक खटकणाऱ्या शब्दाला एकच प्रश्न विचारायचा: हे त्या काळचं लेखन, कवीची निवड, की हात चुकला?

‘तिरीं’ आणि ‘मीं’ यांवरचे अनुस्वार जुन्या लेखनाचे. उच्चारात नसलेले असे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, त्याआधी ते शुद्धच होते. ‘री’ आणि ‘मी’ दीर्घ असल्याने अनुस्वार काढला तरी मात्रा बदलत नाहीत, म्हणून वाचनाच्या प्रतीत तो काढायला हरकत नाही. मात्र शोधा-आणि-बदला देऊन सगळे एकदम उडवू नका. जुन्या वहीतलं ‘घरांत’ एका घराबद्दल असेल तर ‘घरात’ होईल, अनेक घरांबद्दल असेल तर अनुस्वार आजही हवाच. हे वाक्य वाचूनच ठरतं. ‘असें’ आढळलं तर ‘असे’ करा, ‘असं’ नको. मागच्या ओळीत ‘दिसे’ असेल तर यमक तिथेच तुटतं.

‘तिरी’मधल्या ऱ्हस्व ‘ति’ला मात्र हात लावायचा नाही. नियमाने ‘तीरी’ हवं, पण ते केलं की ओळ २१ मात्रांची होते आणि म्हणताना ठेचकाळते. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची एवढी सूट शुद्धलेखनाचे नियमही कवीला देतात. शंका आली की ओळ मोठ्याने म्हणा. कागदावर न दिसणारी मात्रा कानाला लगेच कळते.

‘किनरा’ ही सरळ काना राहिल्याची चूक. ओळ १९ मात्रांवर येते, यमक लंगडं पडतं आणि तसा शब्द इथे अर्थाला लागत नाही. तीन पुरावे एकाच बाजूला, म्हणून ‘किनारा’ करा. पण आधी फोटो मोठा करून पाहा: फिकट शाईचा काना कमी उजेडात सहज नाहीसा होतो आणि मागच्या पानावरून उमटलेला ठिपका अनुस्वार वाटतो. त्याच पानाचा दुसऱ्या बाजूने प्रकाश टाकून घेतलेला फोटो असेल तर दोन्ही जुळवा.

बोलीतले शब्द या तिन्ही खणांत बसत नाहीत. ‘न्हाई’, ‘व्हतं’ लिहिणाऱ्याला ‘नाही’, ‘होतं’ ठाऊक नव्हतं असं धरू नका. ते कवितेतल्या बोलणाऱ्याचं तोंड आहे, तसंच राहू द्या. एकाच कवितेत ‘न्हाई’ आणि ‘नाही’ दोन्ही आले, तरी एकसारखे करायचा मोह टाळा.

शेवटी वाचनाच्या प्रतीखाली दोन-तीन ओळींची टीप द्या: ‘उच्चारात नसलेले अनुस्वार काढले आहेत. दुसऱ्या ओळीत “किनरा”चे “किनारा” केले आहे. कागदाच्या कडेला मोडलेल्या ओळी जोडल्या आहेत.’ फोटो आणि दोन्ही फाइलना एकच नाव देऊन पुढे ‘मूळ’ आणि ‘वाचन’ एवढाच फरक ठेवा.