मराठीतून उर्दूत अनुवाद करताना या चुका टाळा: उलटणारे आकडे, चुकलेली दिशा आणि सारखी दिसणारी अक्षरे

भिवंडी किंवा मालेगावच्या एखाद्या उर्दू माध्यमाच्या शाळेसाठी प्रवेशाची सूचना मराठीतून उर्दूत करायची असेल, तर मजकूर लहान असतो आणि भाषाही अवघड नसते. तरीही अशा सूचनांमध्ये तारीख उलटलेली, मोबाइल क्रमांकाचे दोन भाग आपापल्या जागा बदललेले किंवा कंस भलत्या बाजूला गेलेला आढळतो. या चुका भाषेच्या नसून लिपीच्या आणि दिशेच्या असतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ आकड्यांमध्ये असते. म्हणून येथे मुख्यतः आकड्यांचाच विचार केला आहे.

उदाहरणादाखल पुढील मराठी मजकूर घेऊ. ‘शैक्षणिक वर्ष २०२४-२५ साठी प्रवेश अर्ज १०-०६-२०२४ ते २०-०६-२०२४ या काळात मिळतील. अर्जाचे शुल्क रु. ५०/-. संपर्क: १२३४५ ६७८९०.’ यातील क्रमांक काल्पनिक आहे. पाच-पाच अंकांमध्ये जागा सोडून क्रमांक लिहिण्याची पद्धत मात्र आपल्याकडे सर्वत्र आहे.

देवनागरी अंक तसेच ठेवून नंतर बदलणे

अनेक अनुवादक शब्दांचा अनुवाद आधी करतात, देवनागरी अंक मूळ मजकुरातून जसेच्या तसे चिकटवतात आणि शेवटी शोधा-आणि-बदला या सोयीने सगळे अंक एकदम बदलतात. बदल करण्यापूर्वी त्यांनी मजकूर तपासलेला असतो आणि तो बरोबर दिसलेला असतो. अंक बदलल्यानंतर मात्र तोच मजकूर बिघडतो, आणि पुन्हा तपासण्याची गरज कोणाला वाटलेली नसते.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी संगणक मजकुराची दिशा कशी ठरवतो ते पाहावे लागते. स्मृतीमध्ये अक्षरे टंकलेल्या क्रमानेच साठवलेली असतात; ती पडद्यावर कोणत्या बाजूने मांडायची, हे युनिकोडचा द्विदिशा नियम ठरवतो. त्यासाठी प्रत्येक वर्णाला एक वर्ग दिलेला आहे. उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे जाणारी ‘प्रबळ’ अक्षरे आहेत, तर देवनागरी आणि रोमन अक्षरे डावीकडून उजवीकडे जाणारी ‘प्रबळ’ अक्षरे आहेत. देवनागरी अंकही (U+0966 ते U+096F) याच दुसऱ्या, प्रबळ वर्गात येतात. 0 ते 9 हे आंतरराष्ट्रीय अंक आणि उर्दू अंक (U+06F0 ते U+06F9) मात्र ‘दुर्बळ’ असतात, म्हणजे ते आपल्या आधीच्या मजकुराकडे पाहून वागतात.

२०२४-२५ हे देवनागरीत असते तेव्हा दोन्ही बाजूंच्या प्रबळ अंकांमुळे मधली आडवी रेघही डावीकडून उजवीकडे जाते आणि सगळा गट एकत्र राहतो. तेच अंक आंतरराष्ट्रीय किंवा उर्दू केले आणि त्यांच्या आधी एखादे उर्दू अक्षर असले, तर रेघेचा आधार सुटतो. ती परिच्छेदाच्या दिशेने वळते आणि पडद्यावर डावीकडून पाहिल्यास 25-2024 दिसते. तारखेचेही तसेच होते: 10-06-2024 ही 2024-06-10 अशी दिसू लागते. मोबाइल क्रमांकाच्या मधल्या मोकळ्या जागेलाही हाच नियम लागू असल्याने 12345 67890 हा क्रमांक 67890 12345 असा दिसतो. प्रत्येक अंकगटातील अंक बरोबर असतात, केवळ गटांचा क्रम फिरतो, म्हणून ही चूक डोळ्यांतून सहज निसटते. वर्षाची चूक वाचक समजून घेईल. मोबाइल क्रमांक मात्र तो दिसेल तसाच लावेल.

तिरपी रेघ, दशांश बिंदू आणि स्वल्पविराम यांना नियमाने वेगळी वागणूक दिली आहे. दोन अंकगटांमध्ये यांपैकी एकच चिन्ह असेल तर तो गट अखंड राहतो. म्हणून 10/06/2024 उलटत नाही आणि 10-06-2024 उलटते. एकाच पत्रकात काही तारखा तिरप्या रेघेने आणि काही आडव्या रेघेने लिहिल्या असतील, तर त्यांचा क्रम परस्परविरुद्ध दिसतो. वर्ष दोन अंकी असेल, उदाहरणार्थ जन्मतारीख 05-08-12, तर दिवस कोणता आणि वर्ष कोणते हे वाचकाला ओळखताच येत नाही.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. तक्त्याच्या चौकटीत केवळ 2024-25 एवढेच असेल आणि आधी एकही उर्दू अक्षर नसेल, तर ते सरळ दिसते. वाक्यात उर्दू शब्दानंतर आले की तेच उलटते. त्यामुळे तक्ता तपासून वाक्यांविषयी निश्चिंत होता येत नाही. मोकळी जागा सोडलेला मोबाइल क्रमांक मात्र तक्त्यातही उलटतो.

दुरुस्ती कशी करावी

उलटा दिसणारा क्रमांक सरळ दिसावा म्हणून त्याचे गट हाताने मागेपुढे टंकणे ही सर्वांत घातक दुरुस्ती आहे. त्या पडद्यावर तो बरोबर दिसतो, पण साठवलेला क्रम चुकीचा होतो. मजकूर दुसऱ्या ठिकाणी चिकटवला किंवा कोणी तो क्रमांक नक्कल करून घेतला की चूक उघड होते.

शक्य असेल तेथे चिन्हच टाळावे, कारण तो उपाय कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये टिकतो. तारखेत महिना अक्षरांनी लिहावा. कालावधीसाठी आडवी रेघ न वापरता ‘से’ आणि ‘तक’ हे शब्द लिहावेत. मोबाइल क्रमांक दहा अंकी सलग लिहावा. मराठीतील ‘रु. ५०/-’ ही पद्धत उर्दूत आणूच नये, कारण शेवटची दोन्ही चिन्हे अंकाच्या डावीकडे जाऊन बसतात. ‘50 रुपये’ असे शब्दात लिहिणे उर्दूला अधिक साजते. आपल्या सूचनेतील महत्त्वाचे भाग मग असे होतात:

```
10 جون 2024 سے 20 جون 2024 تک
فیس: 50 روپے
رابطہ: 1234567890
```

शैक्षणिक वर्षातील आडवी रेघ टाळणे अवघड असते. तेथे क्रमांकाच्या लगेच आधी डावीकडून-उजवीकडे खूण हा अदृश्य वर्ण (U+200E) घालावा. विंडोजवरील वर्डमध्ये 200E टंकून लगेच Alt+X दाबले की तो उमटतो. वेबपृष्ठावर याहून स्वच्छ मार्ग उपलब्ध आहे: क्रमांकाला स्वतंत्र कप्प्यात ठेवून त्याची दिशा सांगावी, म्हणजे आजूबाजूच्या मजकुरावर परिणाम होत नाही.

```
<p dir="rtl" lang="ur">
تعلیمی سال <bdi dir="ltr">2024-25</bdi>
</p>
```

उजवीकडे सरकवणे म्हणजे दिशा देणे नव्हे

मजकूर उजव्या समासाला लावला की तो उर्दू झाला, असा समज फार आढळतो. परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडेच राहिली असेल, तर पूर्णविराम ओळीच्या उजव्या टोकाला जातो, कंस विस्कटतात आणि वाक्यातील इंग्रजी शब्दाच्या अलीकडचा-पलीकडचा भाग आपसात बदलतो. येथेच पुष्कळ जण उलटा कंस टंकून वेळ मारून नेतात. ते करू नये. उर्दूत कंस आपोआप आरशातल्यासारखे वळतात, फक्त उघडणारा कंस आधी आणि बंद होणारा नंतर टंकलेला हवा. प्रथम परिच्छेदाची दिशा बदलावी. वर्डमध्ये उर्दू कीबोर्ड बसवलेला असताना Ctrl आणि उजवीकडील Shift एकत्र दाबल्यास ती बदलते.

संदेशांच्या अनेक ॲपमध्ये दिशा निवडण्याची सोय नसते. परिच्छेदातील पहिले प्रबळ अक्षर पाहून ती ठरवली जाते. मराठी यादीतील ‘१.’ ‘२.’ हे क्रमांक उर्दू ओळींच्या आरंभी तसेच राहिले, तर देवनागरी अंक प्रबळ असल्यामुळे पूर्ण ओळ डावीकडून सुरू होते. तेथे 1 किंवा उर्दू अंक वापरला की ॲप तो ओलांडून पुढचे उर्दू अक्षर पाहते आणि ओळ आपोआप सुधारते.

आकड्यांचे तीन नव्हे, चार संच

देवनागरी, आंतरराष्ट्रीय आणि उर्दू यांखेरीज अरबी कीबोर्डवरून येणारे अंक (U+0660 ते U+0669) हा चौथा संच आहे. त्यातील एक, दोन, तीन हे उर्दू अंकांसारखेच दिसतात. चार, पाच, सहा मात्र वेगळे असतात. म्हणून 2013 मध्ये मिश्रण लक्षात येत नाही आणि 2456 मध्ये ते उघडे पडते. आंतरराष्ट्रीय अंक ठेवावेत की उर्दू, हे ग्राहकाला आरंभीच विचारावे आणि संपूर्ण मजकुरात एकच संच पाळावा.

वर्डच्या प्रगत पर्यायांमध्ये Numeral अशी एक निवड असते. ती केवळ अंकांचे दर्शन बदलते, साठवलेले अंक बदलत नाही. त्यामुळे आपल्या संगणकावर दिसणारे अंक दुसऱ्याकडे वेगळे दिसू शकतात. तेथील Hindi या पर्यायाचा देवनागरीशी संबंध नाही. त्याचा अर्थ अरबी अंक असा आहे, आणि मराठी माणसाची तेथे हमखास फसगत होते.

सारखी दिसणारी अक्षरे

अरबी कीबोर्डवर टंकलेले ‘ये’, ‘काफ’ आणि ‘हे’ उर्दूच्या अक्षरांहून वेगळे वर्ण आहेत. शब्दाच्या मध्ये ‘ये’ अगदी एकसारखी दिसते, शेवटी आली की अरबी ‘ये’खाली दोन ठिपके उमटतात. डोळ्यांना चालून जाणारा हा फरक शोध, अकारविल्हे आणि शब्दतपासणी यांना चालत नाही. बदल असे करावेत:

```
U+064A -> U+06CC
U+0643 -> U+06A9
U+0647 -> U+06C1
```

मजकुरात कुराणातील किंवा अन्य अरबी अवतरण असेल, तर तेवढा भाग वगळावा, कारण तेथे अरबी वर्णच योग्य आहेत. शिवाय तिसरा बदल डोळे मिटून करू नये. अरबी कीबोर्डवरील ‘हे’ काही जण दो-चश्मी ‘हे’च्या (U+06BE) जागीही वापरतात, आणि मराठीतील ख, घ, झ, ध, भ यांसारखी महाप्राण अक्षरे उर्दूत याच दो-चश्मी ‘हे’ने लिहिली जातात. भिवंडी `بھیونڈی` असे लिहिले जाते. तेथे गोल ‘हे’ आली तर `بہیونڈی` होऊन वाचक ‘बहिवंडी’च्या जवळचे काहीतरी वाचेल. त्यामुळे गावांची आणि व्यक्तींची नावे एकेक करून पाहावीत.

अलिफ, दाल, रे, वाव यांसारखी अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. अशा अक्षराने संपणाऱ्या शब्दानंतर जागा सोडली नाही तरी दोन शब्द सुटे दिसतात, आणि नस्तालीक फाँटमध्ये तर हा फरक जवळजवळ कळत नाही. मजकूर साध्या नस्ख फाँटमध्ये तात्पुरता पाहिल्यास चिकटलेले शब्द लवकर सापडतात.

काम सोपवण्यापूर्वी रेग्युलर एक्स्प्रेशन चालणाऱ्या मजकूर-संपादकात (वर्डच्या शोधात नव्हे) पुढील नमुन्याने शोध घेतल्यास उरलेले देवनागरी अंक आणि अरबी वर्ण हाती लागतात:

```
[\u0643\u0647\u064A\u0660-\u0669\u0966-\u096F]
```

दिशेच्या चुका मात्र अशा शोधात सापडत नाहीत, शिवाय वर्ड आणि ब्राउझर यांची मांडणी काही वेळा वेगळी होते. म्हणून मजकूर जेथे छापला किंवा वाचला जाणार आहे, त्याच स्वरूपातील अंतिम प्रत समोर घ्यावी आणि तिच्यातील प्रत्येक तारीख, रक्कम आणि क्रमांक मूळ मराठी मजकुराशी बोट ठेवून ताडून पाहावा.