व्हॅलेंटाइननंतर सोडून दिलेली फुले आणि गुलाबावरील फुलकिडे

फेब्रुवारीच्या मध्यानंतर लाल गुलाबाचा भाव उतरतो आणि मावळ, तळेगाव परिसरातील अनेक पॉलिहाऊसमध्ये काढणी थंडावते. तोडणीची मजुरीही निघत नाही, म्हणून उमललेली फुले झाडावरच राहतात आणि काढलेली परंतु न विकलेली फुले दारापाशी किंवा बेडच्या मधल्या वाटेत टाकली जातात. याच दिवसांत उन्हाचा चटका वाढू लागतो आणि फुलकिड्यांना हवे असलेले सर्व काही एका जागी मिळते. एप्रिल-मे महिन्यांतील लग्नसराईसाठी धरलेल्या कळ्या डागाळतात, तेव्हा त्याचे कारण बहुधा फेब्रुवारीअखेर झाडावर सोडलेल्या फुलांत असते. पहिल्या फवारणीच्या आधी ही फुले हलवावीत, एवढीच या सल्ल्यातील मुख्य मागणी आहे.

गेल्या उन्हाळ्यात वडगावजवळच्या एका 10 गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये नुकसानीचे स्वरूप जवळून पाहता आले. लाल फुलांच्या बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊन सुकलेल्या होत्या, पाकळ्यांवर चंदेरी-पांढुरके ओरखडे होते आणि काही कळ्या एका बाजूला वाकून अर्ध्यावरच अडकल्या होत्या. शेतकरी याला ‘पाकळी जळाली’ म्हणत होते व उष्णतेला दोष देत होते. दुकानातून आणलेल्या तीन बाटल्यांपैकी एक टॉनिकची होती. उरलेल्या दोन वेगवेगळ्या नावांच्या असल्या, तरी एकीत स्पिनोसॅड व दुसरीत स्पिनेटोरम होते. हे दोन्ही घटक एकाच गटातील असल्याने किडीच्या दृष्टीने औषध बदललेच नव्हते. दारालगत मात्र सुकत चाललेल्या फुलांचा ढीग तसाच पडून होता आणि त्यातील एक फूल पांढऱ्या कागदावर झटकताच फिकट पिवळी पिल्ले सरपटू लागली.

खात्री करण्याची पद्धतही हीच आहे. सकाळी वेगवेगळ्या बेडमधील रंग दिसू लागलेल्या व अर्धवट उमललेल्या मिळून 20 कळ्या निवडाव्यात, प्रत्येक कळी पांढऱ्या कागदावर जोराने झटकावी आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावे. फुलकिडा साधारण एक मिलिमीटर लांबीचा आणि काडीसारखा बारीक असतो. प्रौढाचा रंग पिवळसर ते तपकिरी असतो, पिल्लू फिकट पिवळे व बिनपंखी असते. झटकून काही पडले नाही, तर बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या सोलून त्यांच्या तळाशी पाहावे, कारण कीड तेथेच दडते. ओरखड्यांच्या जागी विष्ठेचे काळे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले, तर शंका उरत नाही. फवारणीने किंवा उष्णतेने करपलेल्या पाकळीवर असे ठिपके नसतात. जुन्या पानांच्या खालच्या बाजूस जाळी दिसली, तर तो लाल कोळी असतो आणि त्याचे औषध वेगळे असते. कोवळी पाने वरच्या बाजूला वळून कोकडल्यासारखी झाली असतील, तर नवती फुटतानाच फुलकिडा आला आहे, असे समजावे. 20 कळ्यांत दर कळीमागे सरासरी दोनपेक्षा अधिक किडी आढळल्यास वाट पाहू नये. हा आकडा प्रस्तुत लेखकाचा शेतातील अंदाज आहे, शासकीय मर्यादा नव्हे.

फवारणी एकटी अपुरी का पडते, याचे उत्तर किडीच्या जीवनक्रमात आहे. मादी कोवळ्या पानांच्या व पाकळ्यांच्या पेशींत अंडी घालते, तेथे स्पर्शजन्य औषध पोहोचत नाही. पिल्ले मिटलेल्या पाकळ्यांत खातात, तेथेही द्रावण कमीच जाते. कोषावस्था बहुधा मातीत किंवा पालापाचोळ्यात जाते आणि ती फवाऱ्याच्या टप्प्याबाहेर राहते. उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणूनच एक भारी फवारणी करून निर्धास्त होणाऱ्यांचे नुकसान पुढच्या पंधरवड्यात पुन्हा दिसते.

प्रथम झाडावरील सर्व उमललेली, विक्रीयोग्य नसलेली आणि विकृत फुले कापावीत. ती बादलीत उघडी न नेता जागेवरच काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरावीत, तोंड घट्ट बांधावे आणि पिशव्या चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवाव्यात. त्यानंतर फुले खड्ड्यात पुरावीत. बांधावर किंवा उकिरड्यावर टाकलेल्या फुलांतून प्रौढ पुन्हा आत येतात. बेडवरील गळलेल्या पाकळ्याही गोळा कराव्यात. हे काम 10 गुंठ्यांत दोन मजूर दिवसभरात उरकू शकतात आणि कोणत्याही महागड्या बाटलीपेक्षा ते स्वस्त पडते.

सफाई झाली की त्याच संध्याकाळी पहिली फवारणी घ्यावी. प्रादुर्भाव सौम्य असल्यास 5 टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरतो. त्यासाठी सफाईच्या आदल्या रात्री 5 किलो निंबोळी पावडर 10 लिटर पाण्यात भिजवावी, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळावी, त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून पाणी घालून द्रावण 100 लिटर करावे. 10 गुंठ्यांना साधारण एवढे द्रावण लागते. प्रादुर्भाव अधिक असल्यास स्पिनोसॅड 45 एससी घ्यावे. मिरचीवरील फुलकिड्यांसाठी त्याची मात्रा हेक्टरी 160 मिली, 500 लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला सुमारे 0.3 मिली व 100 लिटरला 30 मिली अशी आहे. गुलाबासाठी वापरण्यापूर्वी लेबल पाहावे आणि कृषी विज्ञान केंद्राकडून खात्री करून घ्यावी. पाच-सहा दिवसांनी दुसरी फवारणी निंबोळी अर्काची आणि तेवढ्याच अंतराने तिसरी वेगळ्या गटाच्या औषधाची असावी. स्पिनोसॅडनंतर स्पिनेटोरम घेऊन गट बदलत नाही. दुकानात बाटलीचे मोठे नाव न पाहता बारीक अक्षरांतील सक्रिय घटक वाचावा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड शक्यतो टाळावे, कारण ते मित्रकीटक मारते आणि पाठोपाठ लाल कोळी वाढतो. मधमाश्यांची ये-जा थांबल्यावरच, संध्याकाळी फवारावे.

नेहमीची कामे:
- निळे चिकट सापळे, एकरी 20 ते 25, कळ्यांच्या उंचीवर.
- दर आठवड्याला कागदावर झटकून तपासणी.
- पॉलिहाऊसभोवतालचे गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटणे.
- नत्राचा हप्ता जास्त न देणे.

शेजारी कांदा काढणीला आला असेल, तर त्या बाजूला सापळे वाढवावेत. पात सुकू लागली की कांद्यावरील फुलकिडे आसरा शोधत निघतात आणि वारा आपल्याकडे असेल, तर दोन-तीन दिवसांत सापळे काळवंडतात, असे शेतात वारंवार दिसले आहे.

डागाळलेली पाकळी औषधाने दुरुस्त होत नाही, त्यामुळे तिसऱ्या फवारणीनंतरही सध्याच्या कळ्या खराबच उमलतील. उपाय लागू पडला की नाही, हे सफाईनंतर निघालेल्या नवतीवरून ठरवावे. नवी पाने सपाट व चकचकीत असतील आणि वाटाण्याएवढ्या कळ्या सरळ असतील, तर चौथी फवारणी घेऊ नये, दुकानदार कितीही आग्रह करो. गुलकंदासाठी किंवा खाण्यासाठी पाकळ्या देणाऱ्या देशी गुलाबावर रासायनिक औषध मारू नये, तेथे फुले रोज तोडणे व निंबोळी अर्क एवढ्यावरच थांबावे.