बेरजा जुळल्या म्हणून खरेदी जुळली असं नसतं

आमच्या ऑफिसात मी आर्टिकलशिपला लागलो, तेव्हा पहिलंच काम हातात आलं ते भोसरीतल्या एका पंप-स्पेअर्सच्या व्यापाऱ्याचं. ऑगस्टची खरेदी जुळवायची होती. टॅलीतल्या खरेदी रजिस्टरमध्ये खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट होतं १,८६,३०० रुपये आणि पोर्टलवरच्या GSTR-2B मध्ये १,८७,२००. फरक फक्त नऊशेचा, तोही पोर्टलवर जास्त. "जास्तच दिसतंय ना, मग सगळं घेऊन टाकू," असं मी म्हणालो. सीनियर म्हणाले, "बेरीज बाजूला ठेव. एकेक बिल लावून दाखव."

ते का म्हणाले, ते आधी सांगतो. पुरवठादार आपलं विक्रीचं विवरण भरतो, त्यातून आपलं टू-बी तयार होतं आणि पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला ते पोर्टलवर येतं. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की पुरवठादाराने दाखवलेलं आणि टू-बीत आलेलं नसेल, तर त्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. पण उलटं खरं नाही. टू-बीत आलं म्हणून लगेच क्रेडिट मिळालंच, असंही नाही. माल हातात आलेला असायला लागतो.

जुळवणी सुरू केली आणि पहिल्याच फेरीत तीसेक बिलं जुळेनात. कारण साधं होतं: पोर्टलवर `PS/25-26/0112`, तर आमच्याकडे ऑपरेटरने नुसतं `112` टाकलेलं. म्हणून दोन्ही शीटवर एक चावी बनवली. A मध्ये जीएसटी नंबर, B मध्ये बिल नंबर:

```
=A2&"|"&SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(TRIM(B2)),"/",""),"-","")
```

यात तिरप्या रेघा, डॅश आणि लहान-मोठ्या अक्षरांचे फरक निघून जातात. `112` सारखे अर्धवट नंबर मात्र याने जुळत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी फेरी घ्यायची: जीएसटी नंबर आणि कराची रक्कम सारखी असेल ती बिलं शोधायची आणि प्रत्यक्ष बिल समोर ठेवून पक्की करायची. ही फेरी डोळ्यांनीच करावी असं मी आग्रहाने सांगेन. एकाच पार्टीची सारख्याच रकमेची दोन बिलं असतात आणि फॉर्म्युला बिनदिक्कत चुकीच्या बिलाला चिकटतो. एंट्रीत नंबर दुरुस्त करून ठेवला की पुढच्या महिन्यात तोच त्रास होत नाही.

शेवटी दोनच बिलं उरली. एक फक्त आमच्या रजिस्टरमध्ये: ५०,००० चा माल, १८ टक्क्यांनी ९,००० कर. दुसरं फक्त टू-बीत: ५५,००० चा माल, ९,९०० कर. ९,९०० वजा ९,०००, तेच नऊशे. दोन वेगळे घोळ एकमेकांत लपले होते.

पहिल्याचा पुरवठादार तिमाही विवरण भरणारा निघाला. अशा पार्टीला पहिल्या दोन महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत वेगळी चढवता येतात, पण ते ऐच्छिक असतं, आणि याने चढवली नव्हती. फोन केल्यावर म्हणाला, "तिमाहीला टाकतोच की!" त्याची चूक नव्हती, पण आमचं क्रेडिट सप्टेंबरच्या टू-बीपर्यंत, म्हणजे १४ ऑक्टोबरपर्यंत, लांबलं. दुसऱ्या बिलाची तारीख होती ३० ऑगस्ट. दुकानाच्या आवक वहीत मात्र माल उतरला ३ सप्टेंबरला, म्हणून ऑगस्टच्या खरेदीत ते नव्हतं आणि ऑगस्टला त्याचं क्रेडिटही घेता येत नव्हतं. पोर्टलवर आलेली बिलं स्वीकारायची किंवा थांबवून ठेवायची जी आयएमएस सोय आहे, तिच्यात ते आम्ही "पेंडिंग" ठेवलं आणि टू-बी पुन्हा तयार करून घेतलं. १४ तारखेनंतर काही बदललं तर हे करावंच लागतं, नाहीतर क्रेडिट घ्यायच्या 3B विवरणात जुनाच आकडा राहतो.

तेव्हा ऑगस्टचं घ्यायचं क्रेडिट ठरलं १,७७,३००. रजिस्टरमधून ९,००० वजा करा किंवा मूळ टू-बीतून ९,९०० वजा करा, उत्तर एकच येतं. दोन्ही बाजूंनी एकाच आकड्यावर पोचता आलं नाही, तर जुळवणी अजून अपुरी आहे असं समजावं. मी सगळं घेतलं असतं, तर ९,९०० आधीच घेतले गेले असते.

यातला खरा धोका पुढच्या महिन्यात असतो. नवं टू-बी फक्त सप्टेंबरच्या रजिस्टरशी लावलं, तर ऑगस्टमधलं ते ९,००० चं बिल "आमच्याकडे नाही" असं दिसतं आणि कोणीतरी ते सप्टेंबरच्या खरेदीत पुन्हा नोंदवतं. म्हणून उरलेल्या बिलांची वेगळी शीट ठेवायची आणि नवं टू-बी रजिस्टर अधिक ती शीट, अशा दोन्हींशी लावायचं. आमच्या शीटवर चार रकाने आहेत: बिल, कारण, फोन कधी केला, कोणत्या महिन्यात क्रेडिट घेतलं. शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ पुढच्या नोव्हेंबरपर्यंत तशीच राहू देऊ नये. आर्थिक वर्ष संपल्यावर ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर ती तारीख, उलटली की त्या वर्षाचं क्रेडिट जातं.

१४ ऑक्टोबरला टू-बी उघडलं तेव्हा ते ९,००० चं बिल आलं होतं, आणि पेंडिंग ठेवलेलं दुसरं आम्ही स्वीकारल्यामुळे तेही त्यातच होतं. शीटवरच्या दोन्ही ओळींत मी "सप्टेंबर" लिहिलं.