चायनीज लग्नपत्रिका छापताय? या चुका टाळा (तारीख, 'शी-शे' ची ओळ आणि कपड्यांची विनंती)

माझ्या मावसभावाचं लग्न सिंगापूरच्या चायनीज मुलीशी ठरलं आणि पत्रिकेचं काम फिरत फिरत माझ्याकडे आलं, कारण घरात मँडरिन शिकलेली मी एकटीच. मला वाटलं काय, चार ओळी तर आहेत. पण मुलीच्या आजीने पहिलं प्रूफ बघितलं, चष्मा काढला, परत लावला, आणि कागद उलटा करून टेबलवर ठेवून दिला. काही बोलल्या नाहीत, पण कळायचं ते कळलं.

म्हणून आधीच सांगते, चायनीज पत्रिका म्हणजे आपल्या "आमच्या येथे श्रीकृपेकरून" सारखाच प्रकार आहे, साचा ठरलेला, शब्द ठरलेले. इंग्लिश कार्डचं भाषांतर करून टाकलं तर अर्थ लागतो पण ते सिनेमाच्या तिकिटासारखं वाचलं जातं. शेवटी फायनल झालेला मजकूर साधारण असा होता, नावं काढून टाकलीत. मुलीच्या आईवडिलांकडून आहे आणि आजीआजोबा जुनी लिपी वाचतात म्हणून ट्रॅडिशनल लिपीत:

```
謹詹於公曆二〇二六年十一月二十八日(星期六)
農曆丙午年十月二十日
為小女○○于歸之喜
敬備喜筵 恭請
光臨
席設:○○酒店二樓宴會廳
恭候:下午六時三十分
入席:下午七時三十分
恕邀
○○○ ○○○ 鞠躬
```

पहिली ओळ 謹詹於, उच्चार साधारण जिन-जान-यू, म्हणजे आदराने शुभ दिवस निवडून. मधलं 詹 हे अक्षर मुहूर्त काढण्याचं आहे. मीटिंगला किंवा दुकानाच्या उद्घाटनाला 謹訂於 लिहितात, म्हणजे नुसतं "ठरवलं आहे", आणि लग्नाच्या पत्रिकेतही ते चालतं, कोणी चूक म्हणणार नाही. पण घरच्यांनी खरंच तोंग-शेंग म्हणजे त्यांचं पंचांग उघडून दिवस काढला असेल तर 詹 च हवं, नाहीतर त्यांच्या मेहनतीचा पत्रिकेत पत्ताच नाही. बरं, हा मजकूर आईवडील बोलतायत असा आहे. 小女 म्हणजे "आमची कन्या", नम्रपणे. नवरा-नवरी स्वतःच्या नावाने बोलावत असतील तर हा शब्द चालत नाही, तिथे 我倆, "आम्ही दोघे", असं लागतं. मी सुरुवातीला तीन टेम्प्लेट मिसळले होते त्यामुळे नवरी स्वतःलाच "आमची कन्या" म्हणत होती.

आता मोठी भानगड, म्हणजे लिपी बदलण्याची. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मजकूर सिम्प्लिफाइड म्हणजे सोप्या केलेल्या नव्या लिपीत टाइप करायचा आणि कन्व्हर्टरने एका क्लिकमध्ये ट्रॅडिशनल करायचा, हे सगळेच करतात, मीही केलं. प्रॉब्लेम असा की सिम्प्लिफाइडमध्ये दोन-दोन जुनी अक्षरं मिळून एक झालीत, मग उलट जाताना मशीन अंदाज लावतं. 历 चं कॅलेंडरवालं रूप 曆 आणि इतिहासवालं 歷, म्हणून पत्रिकेत 農曆 पाहिजे तिथे 農歷 येतं. आमच्याकडे हेच आलं होतं. दुसरं 于. पहिल्या ओळीत ते 於 होतं, पण 于歸 (यू-ग्वे, मुलगी सासरी जाणे) मध्ये ते 于 च राहतं. एकाच पत्रिकेत दोन्ही! "सगळीकडे रिप्लेस" केलं की 於歸 होतं, आणि आजींनी कागद उलटा ठेवला तो नेमका यासाठी.

तिसरं हाँगकाँगच्या पत्रिकांमध्ये जास्त दिसतं, शेवटी 恕乏价催 लिहितात, म्हणजे आठवण करायला माणूस पाठवू शकत नाही, माफ करा. इथलं 价 म्हणजे नोकर, निरोप्या. कन्व्हर्टर त्याचं 價 करतो, म्हणजे किंमत. आहेर किती आणायचा ते सांगितल्यासारखं दिसतं, हसू येतं पण छापून झाल्यावर नाही येत. यावर उपाय सोपा आहे, प्रूफमध्ये 歷, 於歸 आणि 價 शोधायचं, सापडलं तर तिथे बहुतेक चूकच आहे. आडनावांचं पण तेच, 范 हे आडनाव कन्व्हर्ट होऊन 範 होतं, आणि 钟 चं घरच्यांचं अक्षर 鍾 की 鐘 हे त्यांनाच विचारावं लागतं.

तारखेकडे येऊ. दोन तारखा लागतात, एक इंग्लिश कॅलेंडरची आणि एक चांद्र. आधी 公曆 किंवा 農曆 लिहायचं मग तारीख, तैवानमध्ये 公曆 ऐवजी 國曆 असतं. हे शब्द गाळले की घोळ, कारण वर "अकरावा महिना २८" आणि खाली "दहावा महिना २०" दिसतं आणि ज्याला माहीत नाही तो म्हणतो लग्न नक्की कधी आहे बाबा? आमच्या एका काकांनी दोन फंक्शन आहेत असं समजून ऑफिसात दोन सुट्ट्या टाकल्या.

चांद्र तारीख ऑनलाइन काढा, पण आपल्या पंचांगाने ती ताडून बघता येते, ही माझी आवडती ट्रिक. चायनीज महिना अमावास्येपासून सुरू होतो, महाराष्ट्रातला अमांत महिना पण अमावास्येनंतरच. म्हणजे आपली शुद्ध प्रतिपदा ती त्यांची जवळपास १ तारीख, पौर्णिमा १५ च्या आसपास, आणि वद्य पक्ष असेल तर तिथीत १५ मिळवायचे. २०२६ मध्ये त्रिपुरारी पौर्णिमा २४ नोव्हेंबरच्या आसपास, त्यामुळे २८ ला वद्य चतुर्थीच्या जवळपास, १५ अधिक ४ म्हणजे १९, आणि पत्रिकेत २० आहे. एखाद-दोन दिवसाचा फरक चालतो, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पण उत्तर ५ किंवा २९ आलं असतं तर कुठेतरी नक्की चुकलंय. महिन्याचा नंबर मात्र असा ताडू नका. त्यांचा अधिक महिना २०२५ मध्ये येऊन गेला, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये, त्यामुळे महिने एकमेकांवर बसत नाहीत.

जानेवारीतलं लग्न असेल तर वर्षाचं नाव बघा. त्यांचं नवीन वर्ष २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला लागतं, म्हणून १६ जानेवारी २०२७ अजून 丙午 मध्येच, म्हणजे घोड्याच्या वर्षात. लोक सरळ पुढचं 丁未 टाकतात. आणि 二〇二六 मधलं गोल अक्षर इंग्लिश ओ नाही आणि आकड्यातलं 0 ही नाही, ते चायनीज शून्य आहे, वेगळं टाइप करावं लागतं, नाहीतर फॉन्टमध्ये बारीक होऊन विचित्र दिसतं.

जागेची ओळ 席設 (शी-शे) ने सुरू होते, "पंगत इथे मांडली आहे". त्याऐवजी 地點 म्हणजे "स्थळ" लिहिलं तर चुकीचं नाही, पण कोरडं. हॉटेलचं नाव स्वतः भाषांतर करू नका, हॉटेलच्या चायनीज वेबसाइटवर किंवा बोर्डावर जे आहे तेच घ्या. सिंगापूरच्या रॅफल्सचं 莱佛士酒店, हे अर्थावरून कधीच सुचणार नाही. 酒店 हा शब्द सिंगापूर-हाँगकाँगमध्ये हॉटेल, पण तैवानमध्ये नुसतं 酒店 म्हटलं की लोकांना बायका बसवून दारू पाजणारी जागा आठवते, तिथे 飯店 म्हणतात. हॉटेलच्या स्वतःच्या नावातच 酒店 असेल तर ते तसंच ठेवायचं, प्रश्न आपण मनाने जोडतो तेव्हा येतो.

आणि मजला! हाँगकाँगमध्ये तळमजला वेगळा मोजतात, त्यामुळे 二樓 म्हणजे आपल्यासारखा दुसरा मजला. सिंगापूर, तैवान आणि चीनमध्ये जमिनीवरचाच 一樓, म्हणून 二樓 म्हणजे आपला पहिला. लिफ्टच्या बटणावर काय आहे ते हॉटेलला विचारून तेच छापा.

वेळेच्या दोन ओळी ठेवायच्या. 恭候 म्हणजे आम्ही वाट बघत उभे असू ती वेळ, 入席 म्हणजे टेबलावर बसायची वेळ. एकच वेळ दिली की आमच्याकडचे अर्धे लोक आठ वाजता उगवतात, आणि त्यांच्याकडचेही काही कमी नसतात बरं का.

लेआउटमधली एक चूक डिझायनर हमखास करतो. 恭請 नंतर ओळ तोडून 光臨 नवीन ओळीवर, अगदी सुरुवातीपासून येतं. पाहुण्याचं येणं मोठं, म्हणून त्याला स्वतंत्र ओळ. डिझायनरला वाटतं ओळ उगाच तुटलीये, तो जोडून टाकतो. त्याला आधीच सांगून ठेवा की हे मुद्दाम आहे. 光臨 च्या आधी 闔第 (ह-दी) जोडलं तर आपलं "सहकुटुंब सहपरिवार" होतं. छान वाटतं, पण त्यांच्याकडे दहा-बारा खुर्च्यांची गोल टेबलं मोजून असतात आणि जेवण टेबलाच्या हिशोबाने बुक होतं, त्यामुळे खरंच सगळ्यांना बोलवायचं असेल तरच लिहा.

आता कपडे. जुन्या साच्यात ही ओळ नसतेच, म्हणून नवीन ओळ जोडताना तिने बाकीच्यांचा सूर बिघडवायचा नाही. माझं पहिलं वाक्य होतं 請勿穿黑色或白色, "काळे-पांढरे घालू नये". व्याकरण बरोबर, पण मंदिराबाहेरच्या "चप्पल आत आणू नये" बोर्डसारखं. विनंती उलटी फिरवायची, काय नको ते न सांगता काय आवडेल ते सांगायचं:

```
為添喜氣,敬請嘉賓以暖色服飾蒞臨
歡迎穿著旗袍、紗麗等傳統服飾
```

पहिली ओळ, आनंदात भर पडावी म्हणून पाहुण्यांनी उबदार रंगांत यावं ही विनंती. दुसरी, चिपाव, साडी असे पारंपरिक पोशाख आनंदाने घाला. हे 鞠躬 च्या खाली, बारीक अक्षरात, मधे जागा सोडून. 必須 (केलंच पाहिजे) किंवा मनाईचे 不得, 禁止 असले शब्द नकोत. 正裝 म्हणजे "औपचारिक पोशाख" लिहिताना पण विचार करा, लोक कोट-टाय समजतात आणि मग साडीतल्या मावशा दरवाज्यात गोंधळतात.

पांढरा आणि काळा टाळण्याचं कारण आपल्याला समजावायची गरज नाही, दोन्हीकडे शोकाचा वास आहे. पण लाल? तो आपल्याकडे सगळ्यांचा, त्यांच्याकडे लाल पोशाख नवरीचा, म्हणून पाहुण्याने डोक्यापासून पायापर्यंत लाल घालणं बरं दिसत नाही. हे पत्रिकेवर लिहू नका, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मराठीत सांगा. आमच्या मामींनी लाल शालू काढून ठेवला होता, मग गुलाबी पैठणी नेसल्या.

सगळं झाल्यावर फाइल डिझायनरकडून पीडीएफ म्हणून घ्या, मोबाइलवरचा स्क्रीनशॉट नको, कारण फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसलं की तो चौकोन दाखवतो किंवा दुसऱ्या फॉन्टमधून उचलतो आणि लहान स्क्रीनवर ते लक्षातच येत नाही. आमच्या दुसऱ्या प्रूफमध्ये 詹 एकटंच जाड दिसत होतं. मग ए-फोर कागदावर मोठं प्रिंट काढलं आणि आजींना दिलं. त्यांनी बोटाने एकेक अक्षर वाचलं, 于歸 वर थांबल्या, मान हलवली आणि नातीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.