पिन टाकला, पैसे कापले, पण चक्र फिरतंच आहे? या चुका टाळा

इंदूरच्या सराफ्यात रात्री पावणेबाराला भुट्ट्याचा कीस आणि गराडू मिळून 180 रुपये होतात. कोड स्कॅन केला, पिन टाकला. मोबाइलवर चक्र फिरतंय, बँकेचा ‘180 रुपये कापले’ असा मेसेजही आलाय, पण ठेल्यावरचा साउंडबॉक्स गप्प. मागे रांग, समोर ‘भैया, आया नहीं अभी’. अशा वेळी बरेच जण पुन्हा स्कॅन करतात आणि पुन्हा 180 भरतात. यूपीआयमधली सगळ्यात महागडी चूक हीच. ती चूक का ठरते, हे कळायला त्या काही सेकंदांत पडद्यामागे काय होतं ते बघावं लागेल.

ठेल्यावरच्या कोडात पैशांचं काही नसतं. तो वाचला तर एवढाच मजकूर निघतो:

```
upi://pay?pa=dukan123@bank&pn=Bhutta%20Stall&cu=INR
```

`pa` म्हणजे दुकानाचा यूपीआय पत्ता, `pn` म्हणजे नाव, `cu` म्हणजे चलन. रक्कम तुम्ही भरता. `pn` मध्ये कोड बनवणारा वाटेल ते लिहू शकतो, म्हणून कोडाखाली छापलेल्या नावावर विसंबू नका. पिन टाकण्याआधी ॲप जे नाव दाखवतं ते बँकेच्या नोंदीतलं असायला हवं, असा नियम 2025च्या जूनअखेरपासून लागू आहे. ठेल्याच्या पाटीवर एक नाव आणि पडद्यावर मालकाचं दुसरंच, असं पुष्कळदा असतं, त्यात काही वावगं नाही. फक्त ते नाव मोठ्याने वाचून दुकानदाराला विचारा. मूळ कोडावर दुसराच कागद चिकटवलेला असेल, तर तो इथेच पकडला जातो.

आता पिन. तो ज्या पानावर टाकता ते पान तुमच्या ॲपचं नसतं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचं असतं. आकडे तिथल्या तिथे कुलूपबंद होतात. ॲपला ते वाचता येत नाहीत, ते बरोबर की चूक हे तुमची बँकच ठरवते. तुम्ही बरोबरची खूण दाबली की मागणी फोनमधून निघून जाते. इथे दुसरी चूक होते. ‘चुकून 1800 टाकले’ म्हणून लोक घाईघाईने इंटरनेट बंद करतात किंवा ॲप पुसून काढतात. मागणी निघून गेलेली असेल, तर पुढच्या कामाला तुमच्या फोनची गरजच नसते. इंटरनेट बंद केल्याने फक्त उत्तर तुमच्यापर्यंत पोचत नाही, आणि व्यवहार झाला की नाही याबद्दल अंधारात तुम्ही राहता.

पुढचं सगळं एनपीसीआयच्या मधल्या यंत्रणेतून चालतं. ती आधी दुकानाचा पत्ता कोणत्या खात्याचा आहे हे विचारते. मग तुमच्या बँकेला सांगते, पिन तपासा आणि 180 काढा. तिकडून ‘काढले’ असं उत्तर आलं, की मगच दुकानदाराच्या बँकेला सांगते, 180 जमा करा. म्हणजे काढणं आणि भरणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या बँकांची. तुमच्या फोनवर आलेला मेसेज पहिलं काम झाल्याचं सांगतो, दुसऱ्याबद्दल त्याला काहीच ठाऊक नसतं. ‘माझे कापले, म्हणजे तुमचे आले’ हा ठेल्यावरचा वाद इथूनच सुरू होतो.

गाडी तीन ठिकाणी अडू शकते, आणि प्रत्येक ठिकाणी निकाल निराळा लागतो.

तुमच्या बँकेने पैसे काढले, पण ‘काढले’ हे उत्तर वेळेत दिलं नाही, तर दुकानदाराच्या बँकेला निरोप जातच नाही. व्यवहार ‘Failed’ ठरतो आणि तुमच्या बँकेला रक्कम परत करायचा निरोप जातो. दुकानदाराच्या बँकेने स्पष्ट नकार दिला, उदाहरणार्थ खातं गोठवलेलं असलं, तरीही तसंच. या दोन्ही वेळा दुकानदाराला काही मिळणार नाही, त्यामुळे दुसऱ्या मार्गाने पैसे द्यायला हरकत नाही. कापलेले 180 बहुतेकदा थोड्याच वेळात परत येतात.

खरी गोम तिसऱ्यात आहे. दुकानदाराच्या बँकेला ‘जमा करा’ हा निरोप गेला, आणि तिकडून हो नाही, नाही पण नाही. कदाचित तिने पैसे जमा केलेत आणि फक्त उत्तर वाटेत हरवलंय. अशा वेळी यंत्रणा पैसे आपणहून परत फिरवत नाही. फिरवले आणि तिकडे जमाही झालेले निघाले, तर 180 दोन ठिकाणी दिसतील. म्हणून पडद्यावर ‘Pending’ येतं. यातले बरेच व्यवहार नंतर दुकानदाराच्याच खात्यात जमा होतात. बँका देखभालीची कामं रात्री काढतात आणि सराफा जागतो तोही रात्रीच, त्यामुळे इथे हा अनुभव थोडा जास्त येणार.

तुम्ही पुन्हा स्कॅन केलंत, तर यंत्रणेला ती जुन्याच पैशांची दुसरी खेप आहे हे कळत नाही. प्रत्येक वेळी नवा व्यवहार क्रमांक पडतो. तेच दुकान, तीच रक्कम, मिनिटभराचं अंतर, तरी तिच्या लेखी ती दोन वेगळी बिलं. मग पहिले 180 सकाळी जमा झाले की परतफेड बँकेकडे नाही, ठेल्यावाल्याकडेच मागावी लागते.

त्यामुळे ‘Failed’ दिसलं तर पुन्हा भरा, ‘Pending’ दिसलं तर थांबा. स्थिती तपासण्याचं बटण दर पाच सेकंदांनी दाबूही नका. 2025च्या ऑगस्टपासून अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारता येते आणि दोन वेळांमध्ये किमान 90 सेकंद जावे लागतात. दीड मिनिटाने एकदा बघा, तोवर कीस गरम आहे तो संपवा. रांग खोळंबली असेल तर रोख द्या आणि व्यवहाराच्या तपशिलातला UTR हा 12 अंकी ओळख क्रमांक दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. पैसे नंतर दोनदा पोचलेच, तर त्याच आकड्यावर तो ते शोधून परत करू शकतो.

दुकानदारांची चूक उलट बाजूची. साउंडबॉक्स बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असं नसतं. त्या डब्यात स्वतःचं सिम असतं आणि गल्लीत नेटवर्क दमलं की तो उशिरा बोलतो. गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट मात्र कधीच मानू नका, तो कसाही बनवता येतो. स्वतःच्या ॲपमधली जमेची यादी उघडून रक्कम आणि UTR जुळवा.

पैसे अडकलेच, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमात मुदत ठरलेली आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानात भरलेल्यांची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. तक्रार ॲपमधल्या त्याच व्यवहारावर जाऊन नोंदवा. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडलेल्या नंबरावर फोन करू नका. तिकडचा माणूस ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणाला की समजा, तो पैसे देत नाही, घेतो आहे. पिन फक्त पैसे काढताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे मिळवायला कधीच नाही.

सराफ्यात नेहमी जाणाऱ्यांसाठी एक सोय सांगण्यासारखी. ॲपमध्ये यूपीआय लाइट चालू करून आधीच थोडे पैसे टाकून ठेवा. त्यात जास्तीत जास्त 5000 ठेवता येतात आणि एका वेळी 1000 पर्यंत बिनपिनाचं भरता येतं. खर्च त्या बाजूला काढलेल्या पैशातून होतो, मूळ खात्याला दर वेळी हात लावावा लागत नाही. तुमच्या बँकेकडचं अडणं त्यामुळे कमी होतं. दुकानदाराच्या बँकेकडचं टोक मात्र तसंच राहतं, म्हणजे ‘Pending’ दिसलं तर लाइटमध्येही दुसऱ्यांदा स्कॅन करायचं नाही.