क्लबिंगचे चार मार्कांचे प्रश्न: नवरा, बायको आणि मायनर मुलं

सीए इंटर असो की टी.वाय.बी.कॉम.चा टॅक्सचा पेपर, क्लबिंगवरचा, म्हणजे एकाचं उत्पन्न दुसऱ्याच्या उत्पन्नात मिळवण्यावरचा, प्रश्न बहुतेक वेळा पाच-सहा ओळींचाच असतो. बेरीज-वजाबाकी सोपी असते. तरी मार्क जातात, कारण मुलं आकडे दिसले की लगेच बेरजेला लागतात आणि कोणती गोष्ट आधी ठरवायची ते विसरतात. म्हणून ही तयारीची यादी मी क्रमाने लिहितो आहे. ती १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६४ वर आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तुमच्या परीक्षेला कोणता कायदा आहे ते संस्थेच्या सूचनेत आधी पाहून घ्या आणि उत्तरात त्याच कायद्याचे क्रमांक घाला.

सगळ्यात आधी कच्च्या कागदावर तीन रकाने आखायची सवय लावा: नवरा, बायको, मुलं. प्रश्नातलं प्रत्येक उत्पन्न आधी ज्याच्या हातात आलं त्याच्या रकान्यात लिहा आणि त्याच्या शेजारी पैसा मुळात कुठून आला ते दोन शब्दांत टिपा: ‘नवऱ्याचं गिफ्ट’, ‘माहेरचे’, ‘आजोबांची एफडी’. क्लबिंगचा निम्मा निकाल या टिपणातच लागतो. बायकोच्या नावावरच्या ठेवीचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात जातं, पण त्या ठेवीतले पैसे नवऱ्याने पुरेसा मोबदला न घेता दिलेले असतील तरच. तेच पैसे तिच्या वडिलांनी दिले असतील, किंवा तिने स्वतःच्या पगारातून साठवले असतील, तर नवऱ्याचा काही संबंध नाही. आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. बायकोने नवऱ्याला गिफ्ट दिलं तर त्यावरचं उत्पन्न बायकोच्या रकान्यात परत येतं. प्रश्नात देणारी बायको असली की बरीच मुलं गडबडतात.

मग तारीख तपासा. पैसे दिले त्या दिवशी ते नवरा-बायको होते का, आणि उत्पन्न झालं तेव्हाही होते का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ हवीत. साखरपुड्यात होणाऱ्या बायकोला दिलेले शेअर्स लग्नानंतर डिव्हिडंड देत राहिले तरी क्लबिंग नाही, कारण देताना ती बायको नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फिलिप जॉन प्लास्केट थॉमस खटल्यात हेच ठरवलं. खटल्याचं नाव आठवत असेल तर लिहा, नसेल तर तत्त्व नीट लिहा, तेवढं पुरतं.

वस्तू घर असेल तर एक वेगळी खूण करून ठेवा. नवऱ्याने घरच बायकोच्या नावावर मोबदला न घेता करून दिलं, तर भाड्याच्या उत्पन्नासाठी कलम २७ प्रमाणे तोच मालक धरला जातो आणि हाउस प्रॉपर्टीचा हिशेब थेट त्याच्या हाती होतो. कलम ६४ पर्यंत जायची गरजच पडत नाही. पण त्याने रोख रक्कम दिली आणि तिने त्यातून फ्लॅट घेतला, तर उत्तर कलम ६४ खाली. शेवटचा आकडा दोन्हीकडे सारखाच येतो. परीक्षक मात्र कारण वाचतो, आकडा नंतर बघतो.

गिफ्टच्या उत्पन्नावर पुन्हा मिळालेलं उत्पन्न ही पुढची तपासणी. नवऱ्याने दिलेल्या रकमेवरचं व्याज क्लब होतं. ते व्याज साठवून बायकोने दुसरी ठेव केली, तर त्या दुसऱ्या ठेवीचं व्याज तिचं. शेअर्सचंही तसंच: गिफ्ट मिळालेले शेअर्स तिने विकले तर भांडवली नफा नवऱ्याचा, पण तो नफा गुंतवून पुढे जे मिळेल ते तिचं.

बायकोने गिफ्टचे पैसे स्वतःच्या धंद्यात घातले असतील तर सगळा नफा क्लब करू नका. वर्षाच्या पहिल्या दिवशी धंद्यात तिचं एकूण भांडवल किती आणि त्यात गिफ्टचं किती, त्या प्रमाणातच नफा जातो. १ एप्रिलला तिच्या बुटीकमध्ये सहा लाख भांडवल असेल, त्यातले २,४०,००० नवऱ्याचे असतील आणि वर्षाचा नफा तीन लाख असेल, तर ४० टक्के म्हणजे १,२०,००० क्लब. आता चालू धंद्यात नवऱ्याने सप्टेंबरमध्ये आणखी तीन लाख दिले असं प्रश्नात असेल, तर तो आकडा या वर्षीच्या गुणोत्तरात येतच नाही. तो फक्त फसवायला दिलेला असतो. तोट्यालाही हाच नियम, कारण या कलमात उत्पन्न म्हटलं की त्यात तोटाही आला.

बायकोच्या पगाराचे प्रश्न वेगळ्या साच्याचे असतात. इथे गिफ्टचा मुद्दा नसतो. नवऱ्याचा ज्या कंपनीत किंवा फर्ममध्ये भरीव हिस्सा आहे तिथून बायकोला पगार मिळतो का, एवढंच बघायचं. भरीव म्हणजे कंपनीत किमान २० टक्के मतदानाचा हक्क, फर्ममध्ये किमान २० टक्के नफा, आणि तोही नातेवाइकांचा धरून. नवऱ्याचे १२ आणि त्याच्या भावाचे ९ टक्के असतील तर मर्यादा पार झाली. यानंतर बायकोची पात्रता बघा. नुसती पदवी पुरत नाही. पगार त्या ज्ञानाच्या आणि अनुभवाच्याच जोरावर मिळायला हवा. फार्मसी शिकलेली बायको नवऱ्याच्या औषध कंपनीत उत्पादन बघत असेल तर पगार तिचा. तीच तिथे ‘सर्वसाधारण देखरेख’ करत असेल तर क्लबिंग. प्रश्नात तिची पदवी लिहिलेली दिसली की ती काम काय करते ते वाक्य शोधा.

आता मायनर मूल. अठरा वर्षांखालच्या मुलाचं उत्पन्न, पैसा कोणीही दिलेला असो, आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवायचं. आजोबांनी दिले, मामाने दिले, काही फरक पडत नाही. बायकोच्या बाबतीत पैसा कुठून आला ते विचारतो, इथे विचारायचं नाही. अपवाद तीनच: मुलाने अंगमेहनतीने मिळवलेलं, स्वतःच्या कला-कौशल्यावर मिळवलेलं, आणि कलम ८०यू मधलं अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्न. कौशल्यावर मिळवलेले पैसे बँकेत टाकले तर त्यावरचं व्याज मात्र क्लब होतं.

कोणाच्या उत्पन्नात मिळवायचं? ज्याचं एकूण उत्पन्न जास्त त्याच्या, मुलांचं उत्पन्न न धरता. आई-वडिलांचं लग्न टिकलेलं नसेल तर जो सांभाळतो त्याच्या. आणि इथेच क्रमाची खरी परीक्षा आहे. तुलनेतून फक्त मुलांचं उत्पन्न वगळायचं असतं. नवरा-बायकोतलं क्लबिंग त्याआधी करून घ्यायचं असतं. हे एका उदाहरणात बघू, कारण नुसतं वाचून ते डोक्यात राहत नाही.

प्रकाशचं किराणा दुकान, धंद्याचं उत्पन्न ५,५०,०००. बायको सुजाता शिक्षिका, पगाराच्या शीर्षाखालचं उत्पन्न ५,१०,०००. काही वर्षांपूर्वी प्रकाशने तिला दहा लाख गिफ्ट दिले, त्या ठेवीचं यंदाचं व्याज ८०,०००. आधीच्या वर्षांचं व्याज साठवून केलेल्या दुसऱ्या ठेवीचं व्याज ७,०००. मुलगा ओम १४ वर्षांचा: आजोबांनी दिलेल्या ठेवीचं व्याज १२,०००, बालनाट्यात काम केल्याचं मानधन ४०,०००, आणि गेल्या वर्षीच्या मानधनाच्या ठेवीचं व्याज २,६००. मुलगी रेवा ९ वर्षांची, आत्याने दिलेल्या ठेवीचं व्याज १,१००. इतर कोणतीही वजावट नाही.

घाईत वाचणारा सुजाताची बेरीज करतो: ५,९७,०००. ती प्रकाशच्या ५,५०,००० पेक्षा जास्त, म्हणून मुलांचं उत्पन्न आईकडे. चूक. आधी ८०,००० प्रकाशकडे न्या. आता तो ६,३०,००० वर गेला आणि सुजाता ५,१७,००० वर राहिली, कारण ७,००० तिचेच. मुलांचं उत्पन्न वडिलांकडे जाणार. ओमचे १२,००० आणि २,६०० मिळून १४,६०० क्लब होतात; मानधनाचे ४०,००० ओमचे स्वतःचे. कलम १०(३२) प्रमाणे दर मुलामागे १,५०० ची सूट, पण क्लब झालेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. म्हणजे ओमचे १३,१०० उरले आणि रेवाचे शून्य. तिच्या सुटीतले न वापरलेले ४०० ओमला देता येत नाहीत. प्रकाशचं एकूण ६,४३,१००.

हा आकडा जुन्या करपद्धतीचा. कलम ११५बीएसी च्या नव्या पद्धतीत १,५०० ची ही सूट मिळत नाही, तिथे उत्तर ६,४५,७०० येईल. नवी पद्धत आता आपोआप लागू असते, त्यामुळे प्रश्नात ‘जुनी पद्धत निवडली आहे’ हे वाक्य आहे की नाही ते अधोरेखित करूनच सुरुवात करा. तुलनेची ओळ वर्किंग नोटमध्ये वेगळी दाखवा: ‘प्रकाश ६,३०,०००, सुजाता ५,१७,०००, म्हणून कलम ६४(१ए) प्रमाणे प्रकाशकडे’. शेवटच्या बेरजेत चूक झाली तरी या ओळीचे मार्क मिळू शकतात.

शेवटी दोन वाक्यांवर नजर ठेवा. ‘गेल्या वर्षी मुलाचं उत्पन्न आईच्या उत्पन्नात धरलं होतं’ असं दिलं असेल, तर यंदा वडिलांचं उत्पन्न जास्त असलं तरी ते आपोआप हलत नाही. अधिकाऱ्याला तशी गरज वाटली आणि त्याने वडिलांचं म्हणणं ऐकून घेतलं, तरच हलतं. आणि मुलगा वर्षाच्या मध्येच अठरा पूर्ण करत असेल, तर त्या तारखेपर्यंतचं उत्पन्न पालकाकडे आणि पुढचं त्याच्या स्वतःच्या नावावर. अशा प्रश्नात वर्षाचं व्याज एकत्र दिलेलं असेल तर तारखेनुसार त्याचे दोन भाग करा आणि कसे केले ते एका ओळीत लिहा.