अंडी पाण्यात टाकून बघता? मग या चुका टाळा

बुडालं तर चांगलं, तरंगलं तर खराब. एवढ्या एका ओळीवर लोक निम्मा ट्रे कचऱ्यात टाकतात आणि उरलेला निर्धास्तपणे खातात. दोन्ही चूकच. पाण्याच्या परीक्षेतून फक्त अंड्यातलं पाणी किती उडालंय ते कळतं. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यातून ओलावा बाहेर जातो आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. ताजं अंडं तळाला आडवं पडतं, थोडं जुनं झालं की त्याचं रुंद टोक वर उचललं जातं, मग ते तळावरच उभं राहतं आणि पोकळी फार वाढली की वर येतं.

आता सोलापूरचा मे महिना धरा. पारा चाळिशीपार, हवा कोरडी. गॅसच्या शेजारी ओट्यावर ठेवलेलं अंडं फ्रिजमधल्या अंड्यापेक्षा कितीतरी लवकर सुकतं. म्हणून उभं राहिलेलं अंडं फेकू नका, उकडायला घ्या. जुन्या अंड्याचं कवच उलट सहज सुटतं. तरंगणारं अंडं मात्र वेगळ्या वाटीत फोडून बघा. वास आला तर प्रश्नच मिटला. वास नसेल, पण पांढरा पाण्यासारखा पसरला आणि बलक लगेच फुटला, तरी ते टाकूनच द्या, त्यात वाचवण्यासारखं काही नसतं. आणि बुडालं म्हणजे निर्जंतुक, असंही नाही. तडा गेलेलं किंवा साल्मोनेलाचे जंतू असलेलं अंडंही छान तळाला जाऊन बसतं.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे अख्खा ट्रे एकदम तपासणं. नेहमीचा प्रकार असा: दुकानातून तीस अंडी आली, घाईघाईत बादलीत माठाचं गार पाणी घेतलं, सगळी सोडली. तीसच्या तीस बुडाली. फडक्यानं खसाखसा पुसून परत ट्रेमध्ये, ट्रे ओट्यावर. सहाव्या दिवशी स्वयंपाकघरात वास. काय झालं? अंडी उन्हातून आलेली, गरम. गार पाण्यात आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दोन-तीन अंड्यांना विष्ठा चिकटलेली होती, ती त्याच पाण्यात कालवली गेली. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो या छिद्रांना झाकतो. फडक्यानं तोही घासून काढला. म्हणजे ज्या अंड्यांना काही झालेलं नव्हतं, त्यांची तपासणीच त्यांना भोवली.

तपासायचंच असेल तर फोडायच्या आधी, लागतील तेवढीच. अंड्याच्या दुप्पट उंचीचं पाणी मावेल असं भांडं घ्या. पाणी साधं आणि अंड्याच्याच तापमानाचं किंवा किंचित कोमट असू द्या. अंडं चमच्यानं अलगद सोडा. भिजलेलं अंडं परत साठवायचं नाही, तेव्हाच वापरायचं. ‘स्पष्ट कळावं’ म्हणून मीठ टाकणाऱ्यांना काय सांगावं? खारट पाण्यात ताजं अंडंही वर येतं.

गावरान अंड्यांचं गणित वेगळं. कोंबडा असलेल्या घरची अंडी बरेचदा फलित असतात आणि अशा उन्हात ओट्यावर राहिली की आत जीव धरू लागतो. फोडल्यावर बलकावर लाल शिरा दिसतात ते त्यामुळे. पाण्यात टाकून हे सुरुवातीला कळत नाही. अंधारात रुंद टोकाला मोबाइलची टॉर्च लावा, लालसर जाळं दिसलं तर ते बाजूला काढा. गावरान अंडी उन्हाळ्यात आणल्या आणल्या फ्रिजमध्येच गेली पाहिजेत. चिखल लागला असेल तर कोरड्या कापडानं हलकेच झटका, धुऊन ठेवू नका.

ओट्यावर ठेवायचीच असतील तर थंडीच्या दिवसांत, सावलीत, आठवड्याभरात संपतील एवढीच. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांपुरती. त्यापुढचं सगळं फ्रिजमध्ये, तिथं चार आठवडे आरामात टिकतात. फ्रिजच्या दारातले ते खळगे दिसायला सोयीचे, पण दार उघडलं की पहिली झळ तिथंच. आतल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, टोकदार बाजू खाली ठेवा. डबा उघडा असेल आणि शेजारी चिरलेला कांदा किंवा मासळी असेल तर तो वास अंड्यात उतरतो.

एकदा फ्रिजमध्ये गेलेलं अंडं मात्र परत ओट्यावर राहायला आणू नका. बाहेर काढताच त्याला घाम फुटतो आणि त्या ओलाव्यातून जंतूंना छिद्रांची वाट मिळते. केकसाठी अंडी साध्या तापमानाला हवी असतील तर अर्धा तास आधी काढा, लागतील तेवढीच. वीज गेली तर फ्रिजचं दार बंद ठेवा, साधारण चार तास आत गारवा टिकतो. ‘अंडी नीट आहेत ना’ म्हणून दर दहा मिनिटांनी उघडून बघितलं तर तेवढाही टिकत नाही.